कॅल्शियम क्लोराइड, हीट शॉक आणि निळ्या-पांढऱ्या कॉलनी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं एकाच कामाभोवती फिरतात. ई. कोलाय या जिवाणूचा डीएच५अल्फा हा स्ट्रेन, पीयूसी१९ हा प्लाझमिड, म्हणजे जिवाणूत राहणारा छोटा गोल डीएनए, आणि त्यात इको-आर-वन व हिंड-थ्री या दोन एन्झाइमच्या जागांमध्ये बसवायचा ७५० बेसजोड्यांचा तुकडा. शिकाऊ हातांनी पहिल्यांदा करायचं क्लोनिंग बहुतेक वेळा असंच काहीतरी असतं. प्रश्नही नेहमीचेच: पेशी का मेल्या, कॉलनी का आल्या नाहीत, आणि सगळ्यात जास्त विचारला जाणारा, "पांढरी कॉलनी मिळाली, म्हणजे झालं ना काम?"

कॅल्शियम क्लोराइड नेमकं काय करतं?

ई. कोलाय आपणहून बाहेरचा डीएनए सहसा आत घेत नाही. त्याच्या बाहेरच्या पडद्यावरचा लिपोपॉलिसॅकराइडचा थर ऋणभारित असतो आणि डीएनएचा कणाही फॉस्फेटमुळे ऋणभारितच, त्यामुळे दोघं एकमेकांना दूर ढकलतात. कॅल्शियमचे दोन धनभार असलेले आयन या दोघांच्या मधे येऊन हे ढकलणं कमी करतात आणि डीएनए पेशीच्या अंगाला चिकटून बसतो. थंडीत पडदा कडक असतो. त्याला अचानक ४२ अंशांवर नेलं की त्याची घडी विस्कटते आणि चिकटलेल्यातला थोडा डीएनए आत जातो. पडद्यातल्या कोणत्या वाटेने तो जातो यावर अजून एकमत नाही, पण बर्फ, कॅल्शियम आणि उष्णतेचा धक्का यांतलं काहीही गाळलं की कॉलनींची संख्या कोसळते, हे कोणीही दुपारभरात करून बघू शकतं.

१९७० मध्ये मॉर्टन मँडेल आणि अकिको हिगा यांनी कॅल्शियमच्या मदतीने फाजचा, म्हणजे जिवाणूंना लागणाऱ्या विषाणूचा, डीएनए ई. कोलायमध्ये जातो हे दाखवलं. १९७२ मध्ये स्टॅन्ली कोहेन, अ‍ॅनी चँग आणि लेस्ली ह्सू यांनी तीच युक्ती प्लाझमिडसाठी वापरली. आज आपण करतो ती कृती बऱ्याच अंशी तीच आहे.

पेशी कॉम्पिटंट, म्हणजे बाहेरचा डीएनए घेण्याजोग्या, करण्याची कृती काय?

आदल्या संध्याकाळी ताज्या प्लेटवरची एक कॉलनी उचलून एलबी या वाढीच्या माध्यमाच्या ५ मिलीमध्ये टाका आणि ३७ अंशांवर रात्रभर शेकरवर ठेवा. सकाळी त्यातलं १ मिली कल्चर १०० मिली एलबीमध्ये घ्या. फ्लास्क किमान ५०० मिलीचा हवा, नाहीतर हवा कमी पडते. दोन-अडीच तासांत ६०० नॅनोमीटरवरचा ओडी, म्हणजे कल्चरच्या गढूळपणाचं माप, ०.३५ ते ०.४ च्या दरम्यान पोचतो. शेवटचा अर्धा तास मात्र दर दहा मिनिटांनी मोजा, कारण या टप्प्यात संख्या वीस-पंचवीस मिनिटांत दुप्पट होते आणि चहा घेऊन परत येईपर्यंत ०.४ चा ०.७ झालेला असतो.

फ्लास्क बर्फात १५ मिनिटं ठेवा. ४ अंशांवर, सुमारे ३००० जी वर, १० मिनिटं सेंट्रिफ्यूज करा. वरचं पाणी पूर्ण ओता, पेलेटमध्ये बर्फासारखं गार केलेलं ०.१ मोलर कॅल्शियम क्लोराइड ३० मिली घाला आणि पेशी हलक्या हाताने त्यात पुन्हा मिसळा. अर्धा तास बर्फात. पुन्हा सेंट्रिफ्यूज. या वेळी पेलेट तळाला घट्ट गोळा होऊन बसत नाही, भिंतीवर पसरट कड्यासारखा दिसतो. ते चांगलं लक्षण आहे. शेवटी १५ टक्के ग्लिसरॉल असलेल्या ०.१ मोलर कॅल्शियम क्लोराइडच्या २ मिलीमध्ये पेशी घ्या आणि १०० मायक्रोलिटरचे भाग करा. ते लगेच वापरा किंवा उणे ८० वर ठेवा.

"हलक्या हाताने" हे शब्द प्रत्येक प्रोटोकॉलमध्ये असतात आणि प्रत्येक जण त्यांच्यावरून पुढे जातो. व्होर्टेक्सवर धरू नका. मी टोकं कापलेल्या रुंद तोंडाच्या टिपेने, ट्यूब बर्फातच ठेवून, आधी १ मिलीमध्ये पेलेट सोडवते आणि मग उरलेलं द्रावण घालते. पाच मिनिटं जास्त लागतात, पण पेशी जगतात.

कॅल्शियम क्लोराइड वजन करताना काय बघायचं?

बाटलीवरचं सूत्र. बहुतेक ठिकाणी CaCl2·2H2O असतं, त्याचा रेणुभार १४७. म्हणजे १०० मिली ०.१ मोलर द्रावणाला १.४७ ग्रॅम लागतं. बाटली निर्जल CaCl2 ची असेल तर रेणुभार १११ आणि वजन १.११ ग्रॅम. हा पदार्थ हवेतलं पाणी भराभर शोषतो. झाकण नीट न लावलेल्या बाटलीतले दाणे ओलसर ढेकळं झालेले असतील तर त्या वजनावर विश्वास ठेवू नका.

दुसरी एक चूक थोडी लपलेली असते. पेशी "स्वच्छ" करायला कोणी मधेच फॉस्फेट बफरने धुतात. फॉस्फेट आणि कॅल्शियम भेटले की पांढरा गाळ बसतो आणि मोकळं कॅल्शियम उरत नाही. एलबी ओतून टाकल्यावर थेट कॅल्शियम क्लोराइड, मधे काही नाही.

ताज्या पेशी चांगल्या की साठवलेल्या?

तयार केल्यावर लगेच वापरण्यापेक्षा कॅल्शियम क्लोराइडमध्येच ४ अंशांवर रात्रभर ठेवलेल्या पेशी जास्त डीएनए घेतात. डॅगर्ट आणि एरलिक यांनी हे १९७९ मध्ये नोंदवलं. १२ ते २४ तासांत क्षमता चढते आणि मग उतरते. गोठवलेल्या पेशींची क्षमता थोडी कमी होते, पण तुकडीतल्या सगळ्या ट्यूब सारख्या राहतात, आणि माझ्या मते हा फायदा मोठा आहे. एकदा वितळलेली ट्यूब परत गोठवू नका. ती ट्यूब जिवंत असते, पण कॉम्पिटंट नसते.

४२ अंश किती सेकंद? कुठे ४५ लिहिलंय, कुठे ९०.

दोन्ही बरोबर, कारण ट्यूब वेगळी आहे. जाड भिंतीच्या १४ मिलीच्या ट्यूबमध्ये आतल्या १०० मायक्रोलिटरपर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो, म्हणून ९० सेकंद. नेहमीच्या १.५ मिलीच्या पातळ ट्यूबमध्ये ४५ सेकंद पुरतात. जो प्रोटोकॉल घ्याल त्यातली ट्यूबही तीच घ्या.

पाण्याचा बाथ वापरा. कोरड्या ब्लॉकमध्ये ट्यूब आणि धातू यांच्यात हवेची फट राहते. बाथच्या पडद्यावरच्या आकड्यावर न जाता पाण्यात थर्मामीटर बुडवा. आमच्या बाथवर ४२ दिसत होतं आणि पाणी साडेएकोणचाळीसवर होतं. तीन आठवडे आम्ही पेशींना दोष देत होतो.

धक्क्याआधी डीएनए घालून ३० मिनिटं बर्फात, धक्क्यानंतर लगेच २ मिनिटं बर्फात. लायगेशन मिश्रण, म्हणजे कापलेला प्लाझमिड आणि तुकडा लायगेज या एन्झाइमने जोडायला ठेवलेलं मिश्रण, असेल तर १०० मायक्रोलिटर पेशींना ५ मायक्रोलिटरपेक्षा जास्त घालू नका. जास्त डीएनए म्हणजे जास्त कॉलनी हे इथे चालत नाही, उलट बफरमधले क्षार आड येतात.

धक्क्यानंतर तासभर का थांबायचं? थेट प्लेटवर का नाही?

प्लाझमिड आत गेला म्हणून पेशी लगेच अँपिसिलिनला तोंड देऊ शकत नाही. प्लाझमिडवरच्या जनुकापासून बीटा-लॅक्टमेझ तयार व्हायला वेळ लागतो. म्हणून एसओसी हे पोषक माध्यम ९०० मायक्रोलिटर घालून ३७ अंशांवर ४५ ते ६० मिनिटं हळू हलवत ठेवतात. अँपिसिलिन वाढणाऱ्या पेशीची भिंत बनू देत नाही, पण त्याचा मार लगेच बसत नाही, त्यामुळे इथे घाई केली तरी थोड्या कॉलनी येतात. प्लाझमिडवर कॅनामायसिनचा जीन असेल तर मात्र हा तास चुकवता येत नाही. कॅनामायसिन प्रथिनं बनणंच थांबवतं, मग प्रतिकाराचं प्रथिन बनणार कसं?

पेशी किती कॉम्पिटंट आहेत हे कसं मोजायचं?

न कापलेल्या पीयूसी१९ ने. १०० मायक्रोलिटर पेशींमध्ये १०० पिकोग्रॅम घाला, धक्का द्या, ९०० मायक्रोलिटर एसओसी घाला. एकूण साधारण १ मिली झालं. त्यातलं १०० मायक्रोलिटर प्लेटवर पसरलं तर प्लेटवर १० पिकोग्रॅम डीएनए गेला, म्हणजे एका मायक्रोग्रॅमचा एक लाखावा भाग. प्लेटवर ८६ कॉलनी आल्या तर क्षमता दर मायक्रोग्रॅमला ८६ लाख. साध्या कॅल्शियम क्लोराइडच्या पद्धतीत एक लाख ते एक कोटीपर्यंत काहीही येऊ शकतं. दहा लाखांच्या वर असेल तर आपल्या या एका तुकड्याच्या क्लोनिंगला पुरतं. त्याखाली असेल तर लायगेशन वाया घालवू नका, पेशी नव्याने करा.

निळा रंग येतो कुठून?

बीटा-गॅलॅक्टोसिडेझ या एन्झाइमचे चार सारखे भाग एकत्र आले तरच ते काम करतं. डीएच५अल्फामध्ये या एन्झाइमच्या जीनची एक कापलेली प्रत आहे, तिला लॅकझेड-डेल्टा-एम१५ म्हणतात. तिच्यापासून बनणाऱ्या प्रथिनात सुरुवातीजवळची अकरा ते एक्केचाळीस क्रमांकांची अमिनो आम्लं नसतात, म्हणून त्याला चौकडी जमवता येत नाही. पीयूसी१९ वर या जीनचा फक्त सुरुवातीचा तुकडा आहे, त्याचं नाव अल्फा. तो एकटा काहीच करत नाही. पण एकाच पेशीत दोघं असले की अल्फा दुसऱ्याची उणीव भरून काढतो आणि एन्झाइम चालू होतं. यालाच अल्फा-कॉम्प्लिमेंटेशन म्हणतात.

प्लेटमधलं एक्स-गॅल रंगहीन असतं. एन्झाइम त्यातली गॅलॅक्टोज तोडतं. उरलेले दोन-दोन रेणू हवेतल्या ऑक्सिजनने जोडले जाऊन नीळ या रंगद्रव्याचाच एक भाऊबंद तयार होतो, तो पाण्यात विरघळत नाही. म्हणून रंग आजूबाजूला न पसरता कॉलनीतच राहतो.

तुकडा बसवायच्या जागा अल्फाच्या जीनच्या आतच आहेत. तिथे ७५० बेसजोड्या घुसल्या की अल्फा बिघडतो आणि कॉलनी पांढरी राहते. इथे एक गोष्ट डोक्यात पक्की करून ठेवा: निळा रंग "अल्फा चालू आहे" असं सांगतो. पांढरा "अल्फा चालत नाही" इतकंच सांगतो. तो का चालत नाही हे पांढरी कॉलनी कधीच सांगत नाही.

कोणताही स्ट्रेन चालेल का? आयपीटीजी घालायलाच हवं का?

स्ट्रेनमध्ये लॅकझेड-डेल्टा-एम१५ असलाच पाहिजे. डीएच५अल्फा, जेएम१०९, एक्सएल१-ब्लू चालतात. प्रथिन बनवायला वापरतात तो बीएल२१ इथे उपयोगाचा नाही. त्याचा स्वतःचा लॅकझेड धडधाकट असतो, त्यामुळे तुकडा बसला तरी कॉलनी निळीच.

आयपीटीजीचं काम लॅक रिप्रेसरला, म्हणजे हा जीन बंद ठेवणाऱ्या प्रथिनाला, जीनवरून हटवायचं. ते लॅक्टोजसारखं दिसतं, पण एन्झाइम त्याला तोडू शकत नाही, म्हणून ते संपत नाही. डीएच५अल्फामध्ये रिप्रेसर इतका कमी असतो की पीयूसी१९ च्या शेकडो प्रतींपुढे तो पुरत नाही, त्यामुळे आयपीटीजीशिवायही रंग येतो. जेएम१०९ आणि एक्सएल१-ब्लूमध्ये लॅक-आय-क्यू नावाचा प्रकार आहे, तो भरपूर रिप्रेसर बनवतो. तिथे आयपीटीजी विसरलात तर प्लाझमिड रिकामा असला तरी कॉलनी पांढरी.

मी हे स्वतः केलं आहे. नेहमीचा डीएच५अल्फा संपला होता म्हणून जेएम१०९ घेतला आणि सवयीने प्लेटवर फक्त एक्स-गॅल पसरलं. दुसऱ्या दिवशी प्लेटभर पांढऱ्या कॉलनी. इतकं छान लायगेशन आयुष्यात झालं नव्हतं! मग न कापलेल्या पीयूसी१९ ची प्लेट उघडली, तीही पांढरी. तिथे निळंच यायला हवं होतं. ती प्लेट केली नसती तर मी पुढचे चार दिवस रिकामे प्लाझमिड काढत बसले असते.

प्लेट कशा तयार करायच्या?

एलबी अगर ५० अंशांपर्यंत थंड होऊ द्या, म्हणजे बाटली हातात धरवेल इतकी. मग दर मिलीला १०० मायक्रोग्रॅम अँपिसिलिन. गरम अगरमध्ये ते मोडतं आणि मग सगळंच उगवतं. घट्ट झालेल्या प्लेटवर २० मिलिग्रॅम प्रति मिलीचं ४० मायक्रोलिटर एक्स-गॅल आणि १०० मिलिमोलरचं ४० मायक्रोलिटर आयपीटीजी पसरा आणि कोरडं होऊ द्या. घाईत पसरलं तर प्लेटचा एक भाग गडद निळा आणि दुसरा फिका दिसतो, आणि फिक्या भागातल्या निळ्या कॉलनी पांढऱ्या वाटतात. एक्स-गॅल डायमिथाइल फॉर्मामाइडमध्ये विरघळवलेलं असेल तर ते पॉलिप्रॉपिलीनच्या ट्यूबमध्ये, अंधारात, उणे २० वर ठेवा. हा द्रावक पॉलिस्टायरिन खातो आणि त्वचेतून शरीरात जातो, म्हणून हातमोजे घालूनच हाताळा. माध्यमात ग्लुकोज नको, ग्लुकोज असेल तर लॅकचे जीन दबतात आणि निळा रंग फिका पडतो.

सकाळी सगळ्याच कॉलनी पांढऱ्या होत्या, दुपारी काही निळ्या झाल्या. हे कसं?

रंग कॉलनीच्या मागे चालतो. १२ तासांच्या टाचणीच्या टोकाएवढ्या कॉलनीत निळं अजून साठलेलं नसतं. १६ ते १८ तास ३७ अंशांवर ठेवा, मग दोन-तीन तास फ्रिजमध्ये. थंडीत वाढ थांबते आणि रंग गडद होतो. उचलायच्या आधी प्लेट पांढऱ्या कागदावर धरून बघा. निळी कॉलनी बऱ्याचदा मध्यभागी निळी आणि कडेला फिकी असते, आणि घाईत कड बघून ती पांढरी म्हणून उचलली जाते.

मोठ्या कॉलनीभोवती बारीक पांढऱ्या कॉलनी आल्या आहेत. त्याही घ्यायच्या का?

नाही. त्या सॅटेलाइट. मोठ्या कॉलनीतून झिरपणारं बीटा-लॅक्टमेझ आसपासचं अँपिसिलिन संपवतं आणि तिथे प्लाझमिड नसलेल्या पेशी उगवतात. प्लाझमिड नाही म्हणजे अल्फा नाही, म्हणून त्या हटकून पांढऱ्या. प्लेट वीस तासांपेक्षा जास्त ठेवली की त्यांचं पीक येतं.

पांढरी कॉलनी मिळाली, म्हणजे तुकडा बसला ना?

याच प्रश्नासाठी हे पान लिहायला घेतलं. उत्तर एका खऱ्या संचाच्या पाच प्लेट शेजारी ठेवून देते. सगळीकडे पेशी सारख्याच, आणि तिसऱ्यापासून पाचव्यापर्यंत कापलेल्या व्हेक्टरचं, म्हणजे तुकडा वाहून नेणाऱ्या पीयूसी१९ चं, प्रमाणही सारखं.

पहिली प्लेट: डीएनए न घातलेल्या पेशी. कॉलनी शून्य. म्हणजे अँपिसिलिन काम करतंय आणि पेशींमध्ये आधीपासून कुठला प्लाझमिड नाही. दुसरी: न कापलेला पीयूसी१९. ८६ कॉलनी, सगळ्या निळ्या. म्हणजे पेशी ठीक, एक्स-गॅल ठीक, स्ट्रेन ठीक. या दोन प्लेट बिघडल्या असत्या तर पुढच्या तीन बघण्यात अर्थ नव्हता.

तिसरी: दोन्ही एन्झाइमने कापलेला व्हेक्टर, लायगेज नाही. ३ निळ्या. चौथी: तोच व्हेक्टर आणि लायगेज, तुकडा नाही. ९४ निळ्या, ५ पांढऱ्या. पाचवी: व्हेक्टर, लायगेज आणि तुकडा. ८८ निळ्या, ३१ पांढऱ्या.

पाचवीकडे बघून विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, एकतीस पांढऱ्या, मस्तच की." मी त्याला चौथी प्लेट बघायला सांगितली.

सरळ उघडलेला डीएनए पेशीत गेला तरी टिकत नाही, एन्झाइम त्याला टोकांकडून खातात. त्यामुळे तिसऱ्या प्लेटवर जे उगवतं ते अजिबात न कापलेलं असतं. ते फक्त तीन, म्हणजे जवळजवळ प्रत्येक प्लाझमिड निदान एकदा तरी कापला गेला होता. चौथ्या प्लेटवर लायगेज आल्याबरोबर ३ चे ९९ झाले. व्हेक्टर दोन्ही जागी कापला असता तर त्याची एक बाजू इको-आर-वनची आणि दुसरी हिंड-थ्रीची असती. ही टोकं एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून तो स्वतःवर बंद होऊ शकत नाही. तरीही शंभराच्या आसपास बंद झाले. म्हणजे मोठा हिस्सा एकाच एन्झाइमने कापलेला होता, आणि असा प्लाझमिड बंद झाला की अल्फा जसाच्या तसा, कॉलनी निळी.

आणि चौथ्या प्लेटवरच्या त्या ५ पांढऱ्या? तिथे तर तुकडाच घातला नव्हता. टोकांवरचे एक-दोन बेस कुठल्याशा न्यूक्लिएझने कुरतडले गेले आणि मग ती टोकं जोडली गेली, तर तीन-तीन बेसची वाचनाची चौकट सरकते, अल्फा बिघडतो आणि रिकामा प्लाझमिड पांढरी कॉलनी देतो. पाचव्या प्लेटवरही अशा पाचेक असणार हे गृहीत धरायला हवं. म्हणजे ३१ पैकी साधारण सव्वीसांत तुकडा असेल, पाचेक रिकाम्या.

आम्ही आठ पांढऱ्या उचलल्या आणि एम१३ च्या दोन प्रायमरनी कॉलनी पीसीआर केला, म्हणजे तुकडा बसवायच्या जागेचा डीएनए वाढवून त्याची लांबी जेलवर पाहिली. रिकाम्या प्लाझमिडची पट्टी शंभराच्या थोडी वर दिसते, तुकडा असेल तर आठशेच्या आसपास. सहामध्ये वरची पट्टी आली, एकात खालची, एका लेनमध्ये काहीच नाही. त्या शेवटच्या लेनमध्ये टूथपिकवर कॉलनी जरा जास्तच आली होती. पेशींचा ढीग पीसीआर अडवतो. टूथपिक जेमतेम टेकवून पुन्हा केलं तर तिथेही आठशे. आठात एक रिकामी, म्हणजे चौथ्या प्लेटच्या अंदाजाशी जुळलं.

पीसीआरची पट्टी फक्त लांबी सांगते. तुकड्यातला क्रम बरोबर आहे का ते सिक्वेन्सिंगनेच कळतं.

मग त्या निळ्या कमी कशा केल्या?

कापलेला व्हेक्टर जेलवर बघून हे कळलं नसतं. दोन जागांमध्ये ५१ बेसजोड्यांचं अंतर आहे, म्हणजे एकदा कापलेला २६८६ चा आणि दोनदा कापलेला २६३५ चा. नेहमीच्या अगरोज जेलवर दोन्ही एकच पट्टी दिसतात. म्हणून प्रत्येक एन्झाइम वेगळा लावून पाहिला. इको-आर-वनच्या लेनमध्ये सगळा प्लाझमिड सरळ उघडला होता, हिंड-थ्रीच्या लेनमध्ये अर्ध्याहून जास्त गुंडाळलेलाच होता. हिंड-थ्रीची ट्यूब बर्फाबाहेर राहून निकामी झाली होती, आणि ती कोणी बाहेर ठेवली हे अर्थातच कोणी सांगितलं नाही. नव्या ट्यूबने पुन्हा केलं तर चौथ्या प्लेटवर ६ निळ्या आल्या, पाचवीवर ९ निळ्या आणि ७४ पांढऱ्या.

जागा अगदी शेजारी असतील, जसं पीयूसी१९ मध्ये इको-आर-वन आणि सॅक-वन, तर एन्झाइम ताजा असूनही ही अडचण येते. एकाने कापलं की दुसऱ्याला पकडायला पुरेसा डीएनए उरत नाही. तिथे दुसरी जोडी निवडणं सोपं. ते जमत नसेल तर व्हेक्टरच्या टोकांवरचे फॉस्फेट फॉस्फटेझने काढा, म्हणजे तो स्वतःवर बंद होणार नाही.

फिक्या निळ्या कॉलनी टाकून द्यायच्या का?

तुकडा मोठा असेल तर टाका. तुकडा लहान असेल, समजा ९० बेसजोड्यांचा, आणि ती संख्या तीनने भाग जाणारी असून मधे थांबण्याचा संकेत नसेल, तर अल्फामध्ये तीस अमिनो आम्लं जास्तीची येतात, पण तो लंगडत का होईना चालतो. कॉलनी फिकी निळी दिसते आणि तुकडा तिच्यातच असतो. लहान तुकड्यांच्या क्लोनिंगमध्ये मी दोन-तीन फिक्या कॉलनी नेहमी उचलते.

पांढरी एकही नाही, सगळ्या गडद निळ्या. आता?

आधी लायगेशनशिवायची, म्हणजे तिसरी प्लेट बघा. तीही निळ्या कॉलनींनी भरलेली असेल तर व्हेक्टर कापलाच गेला नाही. ती रिकामी आणि चौथी भरलेली असेल तर वरच्यासारखी एका एन्झाइमची गोष्ट. दोन्ही जवळपास रिकाम्या असतील आणि पाचवीवर मात्र निळ्यांचा ढीग असेल, तर निळ्या तुकड्याच्या ट्यूबमधून आल्या आहेत: तुकडा ज्या प्लाझमिडमधून कापून काढला, त्या प्लाझमिडवरही अँपिसिलिनचा जीन आणि चालू अल्फा होता आणि तो तुकड्याबरोबर जेलमधून वाहत आला. तुकडा जेलमधून पुन्हा शुद्ध करा, आणि पुढच्या वेळी नुसता तुकडा पेशींमध्ये घालून सहावी एक प्लेट लावा.